डीबीला आग लागली तर आधी काय बंद करायचं, कोणता सिलिंडर उचलायचा?

प्रश्न: फोंड्याला आमचं दुमजली घर आहे, थ्री फेज कनेक्शन. मीटर बाहेर पडवीत, एमसीबींचा डबा म्हणजे डीबी आत जिन्याच्या बाजूला, जिन्याखाली इन्व्हर्टर आणि छपरावर सोलर. गेल्या आठवड्यात डीबीतून धूर आला तेव्हा वडील एकेक एमसीबी पाडत बसले आणि भाऊ पाण्याची बादली घेऊन धावला. नशिबाने आपोआप विझलं. पुन्हा असं झालं तर काय बंद करायचं, आणि कुठल्या क्रमाने? स्वयंपाकघरात आग विझवायचा एबीसी पावडरचा सिलिंडर आहे. तो चालेल की सीओटूच घ्यायला हवा?

उत्तर: पेटलेल्या डीबीला हात लावायचा नाही. आधी पडवीतलं मीटरशेजारचं मेन पाडायचं, मग जिन्याखालचा इन्व्हर्टर बंद करायचा आणि त्यानंतर सीओटू मारायचा. सीओटू हाताशी नसेल तर तुमचा एबीसी चालतो, आगही विझवतो, फक्त नंतर तो बोर्ड भंगारात जातो. पाणी नाही, फोमही नाही. ज्वाळा डब्याबाहेर पडून छताला किंवा पीओपीच्या सीलिंगला भिडल्या असतील तर विझवायच्या भानगडीत पडू नका. सगळ्यांना बाहेर काढा, जाता जाता पडवीतलं मेन पाडा आणि 112 किंवा 101 ला फोन करा.

एमसीबी पाडण्यात चूक काय, हा प्रश्न बहुतेकांना पडतो, कारण ‘बंद करणं’ म्हणजे तेच असं आपल्या हाताला वळण लागलेलं असतं. पण डीबीतली आग बहुतेक वेळा एमसीबीच्या अलीकडे लागते. मीटरकडून आलेली केबल ज्या स्क्रूखाली दाबलेली असते, त्या इनकमरच्या, म्हणजे डीबीतल्या मुख्य स्वीचच्या, टर्मिनलवर. खालच्या सगळ्या एमसीबी पाडल्या तरी ते टर्मिनल जिवंतच राहतं. घरातला लोड सुटल्यामुळे तापणं कमी होतं हे खरं, आणि तुमचं गेल्या आठवड्यात विझलं ते बहुधा त्यामुळेच. पण तोवर टर्मिनलभोवतीचं प्लास्टिक जळून कोळसा झालं असेल तर तो कोळसाच दोन फेजमध्ये वाट करून देतो. मग लोड असो वा नसो, ठिणगी उडत राहते. आणि एमसीबी पाडणाऱ्याचा चेहरा त्या ठिणगीपासून हातभर अंतरावर असतो.

फोंडा तालुक्यातल्याच एका घराचं सांगतो. चवथीचा दुसरा दिवस, घर पाहुण्यांनी भरलेलं. दुपारच्या स्वयंपाकाच्या वेळी म्हातारी आजी सारखी म्हणत होती, की घरात मासळीचा वास येतोय. चवथीत घरात मासळी कुठून येणार, म्हणून सगळे तिलाच हसले. प्रत्यक्षात तो वास डीबीचा होता. बेकेलाइट आणि तसलं प्लास्टिक तापू लागलं की सुरुवातीला जळका वास येत नाही, कुजक्या मासळीसारखा येतो. गोव्यात एरवी या वासाकडे कोण बघणार! त्या दिवशी निदान तो ओळखता येण्यासारखा होता.

त्या घराच्या आर फेजवर तेव्हा दीड टनाचे दोन एसी (प्रत्येकी सुमारे 7 अँपिअर), दोन किलोवॅटचा गिझर (जवळपास 9) आणि मोदकांसाठी लावलेली इंडक्शन शेगडी (8) असा एकूण 31 अँपिअरच्या आसपास लोड होता. इनकमर 63 अँपिअरचा. त्याच्या दृष्टीने हा निम्मा लोड, तो कशाला पडेल? पण केबल अॅल्युमिनियमची होती आणि लग, म्हणजे टोकाला दाबून बसवायची धातूची टोपी, न लावता तशीच स्क्रूखाली घातलेली. अॅल्युमिनियम दाबाखाली हळूहळू पसरतं, स्क्रू सैल होतो, मधल्या फटीत आपली दमट हवा शिरते आणि गंज धरतो. अशा जोडाचा रोध नुसता 0.1 ओहम झाला तरी 30 अँपिअरला 30 × 30 × 0.1 म्हणजे 90 वॅट उष्णता त्या एका स्क्रूवर तयार होते. सोल्डरिंग आयर्न 25-35 वॅटचं असतं, त्यावरून अंदाज करा. व्होल्टेज मात्र जेमतेम 3 व्होल्टने उतरतं, दिवासुद्धा मंद होत नाही. करंट जास्त नाही म्हणून एमसीबी गप्प, गळती नाही म्हणून आरसीसीबी गप्प. संरक्षणाची सगळी उपकरणं चोख असतानाही बोर्ड पेटतो तो असा.

पुढे तुमच्यासारखंच झालं. मुलगा एमसीबी पाडायला गेला आणि वरून ज्वाळ आली. शेजारच्या एका गृहस्थांनी त्याला मागे ओढलं आणि बाहेर जाऊन मीटरखालचं मेन पाडलं. ज्वाळ बसली, पण दिवाणखान्यातले दिवे आणि गणपतीपुढची माळ चालूच! इन्व्हर्टरने लोड उचलला होता आणि त्याची आउटपुट वायर त्याच डीबीतून जात होती. म्हणजे ‘मेन बंद’ झाल्यावरही जळक्या डब्यात 230 व्होल्ट होतेच. कुणाच्या तरी लक्षात आलं, इन्व्हर्टर बंद केला, समोरच्या हॉटेलातून साडेचार किलोचा सीओटू आणून मारला. आग विझली. दोन-तीन मिनिटांत परत लहानशी ज्वाळ उठली, तेव्हा उरलेला वायू कामी आला.

संध्याकाळी मी बोर्ड उघडला. आर फेजच्या टर्मिनलचं पितळ निळसर-जांभळं पडलेलं, स्क्रू बोटाने फिरत होता आणि केबलच्या तोंडाशी वितळलेल्या अॅल्युमिनियमचा हरभऱ्याएवढा मणी जमलेला. वरचं इन्सुलेशन वीतभर जळालेलं. बाजूचे वाय आणि बी फेज नव्यासारखे. तुमच्या बोर्डातही असंच काही असण्याची शक्यता मोठी आहे. आग विझली म्हणून सैल स्क्रू आपोआप आवळला जात नाही. तो बोर्ड अजून वापरात असेल तर हे वाचून झाल्यावर पडवीतलं मेन पाडा आणि परवानाधारक इलेक्ट्रिशियनला बोलवा.

आता एकेक बंद करण्याविषयी.

पडवीतलं मेन म्हणजे मीटरनंतरचा एमसीबी, एमसीसीबी किंवा जुन्या घरांत लोखंडी पेटीतला, बाजूला दांडी असलेला स्वीच. दांडीचा स्वीच असेल तर समोर उभं राहायचं नाही. पेटीच्या बाजूला उभं राहून, तोंड फिरवून, एका झटक्यात दांडी खाली. हळूहळू ओढली तर आत ठिणगी लांबते. हात कोरडा, पायात चप्पल, आणि दुसरा हात भिंतीला किंवा ग्रिलला टेकलेला नको. पावसाळ्यात पडवीची फरशी ओली असतेच, तेव्हा तिथे रबरी मॅट कायमची टाकून ठेवा. काही जुन्या घरांत अजून चिनी मातीचे किटकॅट फ्यूज आहेत. चालू लोडवर किटकॅट उपसायला जाऊ नका. ओढताना होणारी ठिणगी बोटांवरच येते.

इन्व्हर्टरची एक खोच आहे. त्याच्या पुढच्या पॅनलवरचं बटण बऱ्याच मॉडेलांत फक्त बॅटरीचा बॅकअप थांबवतं. बाहेरची लाइन चालू असेल तर ती इन्व्हर्टरमधून तशीच पुढे जात राहते. म्हणून नुसता इन्व्हर्टर बंद करून भागत नाही, आणि नुसतं मेन पाडूनही नाही. दोन्ही व्हायलाच हवीत. मेन आधी एवढ्यासाठी, की त्यानंतर घरात एखादा दिवा जळत राहिला तर इन्व्हर्टर अजून देतोय हे डोळ्यांनीच दिसतं. तुमचा इन्व्हर्टर जिन्याखाली आणि डीबी जिन्याच्या बाजूलाच. धुरातून त्याच्यापर्यंत जाता आलं नाही तर जाऊ नका. त्याच्या आउटपुटवर एक दोन पोलचा एमसीबी लावून तो पडवीकडच्या भिंतीवर आणून घ्या. अर्ध्या दिवसाचं काम आहे.

सोलर साधा ग्रिडला जोडलेला असेल तर मेन पाडल्यावर त्याचा इन्व्हर्टर दोनेक सेकंदांत स्वतःच थांबतो. त्याची रचनाच तशी असते, नाहीतर खांबावर काम करणारा लाइनमन मरेल. बॅटरीवाला हायब्रिड असेल तर मात्र तो घरगुती इन्व्हर्टरसारखाच आहे, त्याचं आउटपुट वेगळं बंद करावं लागतं. आणि छपरावरून इन्व्हर्टरपर्यंत येणाऱ्या डीसी वायरी दिवसा मेन पाडूनही मरत नाहीत. त्यांत तीनशे-चारशे व्होल्ट किंवा त्याहून जास्त असतात आणि डीसीची ठिणगी एसीसारखी सहज तुटत नाही. आग डीसीच्या डब्याला लागली असेल तर तिथे घरच्या माणसाने काही करू नये. बाहेर पडायचं आणि अग्निशमन दलाला फोनवरच सांगायचं, की सोलर आहे.

आपोआप सुरू होणारा जनरेटर असलेल्या गेस्ट हाउसवाल्यांसाठी क्रम उलटा. आधी जनरेटरचा सिलेक्टर ऑफवर किंवा इमर्जन्सी स्टॉप, मगच मेन. नाहीतर तुम्ही मेन पाडता, पॅनलला वाटतं लाइट गेली, आणि थोड्याच वेळात जनरेटर सुरू होऊन त्याच जळत्या बोर्डात करंट पाठवतो. फ्लॅटमध्ये राहणाऱ्यांचं मेन खालच्या मीटर खोलीत असतं. आपल्या फ्लॅटचं कुठलं ते आजच शोधून त्यावर नंबर रंगवून ठेवा. इमारतीचंच मेन पाडायची वेळ आली तर आधी लिफ्ट रिकामी आहे ना ते बघा.

मीटर किंवा ते मेनच पेटलं असेल, तर तुमच्या हातात बंद करण्यासारखं काही उरत नाही. वर खांबापर्यंत लाइन जिवंत आहे आणि ती तोडणं वीज खात्याच्या लाइनमनचं काम. 1912 वर फोन करून ‘मीटरला आग लागली आहे, खांबावरून लाइन तोडा’ एवढंच सांगा. ‘लाइट गेली’ असं सांगितलंत तर तक्रार साध्या रांगेत जाते. बांबूने सर्व्हिस वायर ओढून काढणारे धाडसी लोक गावोगाव आहेत. ओला बांबू वीज वाहतो.

सिलिंडरकडे येऊ. सीओटू चांगला अशासाठी, की तो वीज वाहत नाही, मागे काही ठेवत नाही आणि फटींतून आत शिरतो. घरगुती डीबीसाठी 2 किलोचा पुरतो, मोठ्या पॅनलसाठी साडेचारचा घ्या. 2 किलोचा दहाएक सेकंदांत संपतो, म्हणून मारण्याआधी जागा ठरवा. पाठ दाराकडे, किंचित वाकून, बोर्डापासून मीटर-दीड मीटरवर. डीबीचं झाकण बंद असेल तर उघडू नका. आत कोंडलेल्या आगीला एकदम हवा मिळाली तर ती तोंडावर येते. धूर ज्या फटीतून किंवा वायरीच्या भोकातून येतोय तिथेच सिलिंडरचा भोंगा रोखा. झाकण वितळून गेलं असेल तर ज्वाळेच्या मुळाशी. भोंग्याला उघड्या हाताने धरायचं नाही, वायू उणे 78 अंशांना बाहेर पडतो आणि कातडी चिकटते. मुठीचीच जागा धरा. निम्मा वायू गेला की थांबा आणि बघा. सीओटू हवा अडवतो पण गार फारसा करत नाही, त्यामुळे आतला तापलेला तांब्याचा भाग प्लास्टिकला परत पेटवू शकतो. उरलेला निम्मा त्यासाठी. आणि वीज तोडलेली नसेल तर अख्खा सिलिंडर रिकामा केलात तरी वायू उडाला की पुन्हा पेटणारच.

त्याची धोक्याची बाजू फारशी कुणी सांगत नाही. 2 किलो सीओटू म्हणजे घनमीटरभराहून थोडा जास्त वायू. जिन्याखालची दार लावलेली कोंदट जागा चार-पाच घनमीटरची असली तर तिथली हवा वीसेक टक्के सीओटू होते, आणि दहा टक्क्यांतच माणूस काही मिनिटांत बेशुद्ध पडू शकतो. म्हणून अशा जागेत आत शिरून मारायचा नाही. दारात उभं राहून आत सोडायचा, दार लोटून घ्यायचं आणि पुन्हा डोकावण्याआधी खिडक्या उघडायच्या. जळत्या पीव्हीसीचा धूरही साधा नसतो, त्यात हायड्रोक्लोरिक आम्लाची वाफ असते. खोकला सुरू झाला की तिथून निघायचं.

तुमच्या एबीसीबद्दल. घरी आहे तो फेकू नका. त्याच्या पट्टीवर ‘1000 व्होल्टपर्यंत विद्युत उपकरणांसाठी योग्य’ अशा अर्थाची ओळ आणि किमान अंतर छापलंय का ते वाचा. नुसत्या अक्षरांवर जाऊ नका, आपल्याकडच्या वर्गवारीत ‘सी’ म्हणजे गॅसची आग, विजेची नव्हे. ओळ असेल तर दोनेक मीटरवरून बिनदिक्कत मारा. पावडर आग लवकर दाबते आणि पुन्हा पेटू देत नाही, या बाबतीत ती सीओटूपेक्षा उजवी. पण ती अमोनियम फॉस्फेटची असते, हवेतलं पाणी ओढते आणि ओली झाली की धातू खाते. गोव्याच्या हवेत एका पावसाळ्यात एमसीबीच्या आतल्या स्प्रिंगा आणि संपर्कबिंदू बाद होतात. बाहेरून पुसून बोर्ड चकचकीत दिसतो, पण गरजेच्या वेळी एमसीबी पडेल याची खात्री उरत नाही. म्हणून पावडर आत गेलेला बोर्ड पूर्ण बदलायचा, त्यात काटकसर नको.

तरीही एका जागी मी पावडरच सुचवीन, ती म्हणजे उघड्या पडवीतला मीटर. आषाढातल्या वाऱ्यात सीओटू बोर्डापर्यंत पोचण्याआधीच उडून जातो, पावडर पोचते. तेव्हा आत डीबीसाठी सीओटू आणि तुमचा एबीसी स्वयंपाकघरातून उचलून पडवीच्या दाराशी, अशी वाटणी करा.

वाळूची बादली लोक मोठ्या श्रद्धेने ठेवतात. भिंतीवरच्या बोर्डावर वाळू टिकत नाही, खाली पडते. वितळून जमिनीवर ठिबकणारं पेटतं प्लास्टिक झाकायला मात्र ती उपयोगी. पाण्याची परवानगी फक्त एका वेळी: मेन आणि इन्व्हर्टर दोन्ही बंद झाल्यावर बाजूचा पडदा किंवा लाकडी फळी धुमसत असेल तर तिच्यावर, बोर्डापासून लांब.

विझल्यावर अर्धा तास तरी कुणीतरी बोर्डापाशी लक्ष ठेवून बसावं. भिंतीतल्या पाइपांतून धूर येतोय का, वरच्या मजल्यावर त्याच रेषेत भिंत गरम लागते का, हे बघत राहायचं. जळालेला फक्त एकच फेज आहे म्हणून बाकीचं घर चालू करू नका. वीज खात्याचं मीटरवरचं सील तोडू नका, ते त्यांच्याच माणसाला काढू द्या. इलेक्ट्रिशियन आला की त्याच्याकडून 500 व्होल्टच्या मेगरने, म्हणजे इन्सुलेशन मोजायच्या यंत्राने, प्रत्येक सर्किट तपासून घ्या. किमान एक मेगाओहम दिसला पाहिजे. जळालेलं केबलचं टोक इन्सुलेशन चांगलं लागेपर्यंत मागे कापून, अॅल्युमिनियमला साजेसा बायमेटॅलिक लग क्रिंप करूनच नव्या इनकमरला जोडायला सांगा.

सीओटू विकत घेताना आयएसआय मार्क आणि IS 15683 बघून घ्या. तो टांगायचा डीबीशेजारी नाही. आग तिथे लागली तर तो हाताला येणारच नाही. चार-पाच मीटर लांब, बाहेर पडायच्या वाटेवर टांगा. एबीसीला काटा असतो, तो हिरव्यात आहे का बघता येतं. सीओटूला काटाच नसतो, त्यामुळे भरलेला आणि रिकामा बाहेरून सारखेच दिसतात. तो वजनावरच कळतो. सिलिंडरवर किंवा पट्टीवर भरलेलं एकूण वजन लिहिलेलं असतं. दर तीन महिन्यांनी वजनकाट्यावर ठेवा, आतल्या वायूचं वजन दहा टक्क्यांहून जास्त घटलं, म्हणजे 2 किलोच्या सिलिंडरमध्ये 200 ग्रॅम, तर भरायला पाठवा. वजन करताना तळही बघा. खाऱ्या दमट हवेत गंज तिथूनच धरतो, विशेषतः सिलिंडर फरशीवर उभा ठेवलेला असेल तर.